नव्याण्णववर अडकलेला टीव्ही

‘नेट चालू आहे, यूट्यूब मस्त चालतंय, फक्त हेच ॲप गोल गोल फिरतंय.’ टीव्हीबद्दलची ही तक्रार बहुतेक घरांतून याच शब्दांत येते, आणि तक्रार सांगतानाच माणूस निकालही देऊन टाकतो: नेट ठीक आहे, म्हणजे दोष ॲपचा. ग्राहक सेवेतला माणूस याच्या उलट बोलतो. आमचं ॲप सगळीकडे चालतंय, म्हणजे तुमच्या नेटमध्ये गडबड आहे. ब्रॉडबँडवाला मोबाईलवर स्पीड टेस्ट लावून शंभराचा आकडा दाखवतो आणि टीव्ही जुना झाला म्हणतो. तिघांच्याही हातात थोडा थोडा पुरावा असतो. तरी तिघेही चुकू शकतात, कारण एक ॲप चालतं यावरून दुसऱ्या ॲपबद्दल फार थोडं सिद्ध होतं. यूट्यूबचा व्हिडिओ आणि पैसे भरून पाहायचा सिनेमा एकाच टीव्हीवर दिसतात, पण ते वेगळ्या सर्व्हरवरून, वेगळ्या रस्त्याने आणि वेगळ्या अटींवर घरात येतात.

उदाहरणाला नेटफ्लिक्स घेऊ, कारण त्या कंपनीने आपली रचना बरीच उघडपणे मांडलेली आहे. लॉग-इन, सिनेमांची यादी, शिफारशी, कुणी कुठवर पाहिलं याची नोंद, हा सगळा कारभार ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतो. हे स्थलांतर जानेवारी 2016 मध्ये पुरं झालं. प्रत्यक्ष व्हिडिओ मात्र तिथून येत नाही. त्यासाठी कंपनीने 2012 पासून ओपन कनेक्ट नावाचं स्वतःचं जाळं उभारलं आहे. सिनेमांनी भरलेली यंत्रं इंटरनेट कंपन्यांच्याच जागेत ठेवायची आणि गर्दी नसलेल्या वेळात ती भरून घ्यायची, अशी ही पद्धत. म्हणजे आपण पोस्टर पाहतो ते एका ठिकाणहून आलेलं असतं आणि त्यावर बटण दाबल्यावर सिनेमा येतो तो दुसऱ्याच ठिकाणहून.

बटण दाबल्यानंतर काय होतं? ॲप आधी विचारतं की हा ग्राहक, हा टीव्ही, हा सिनेमा, द्यायचा का? उत्तरात सिनेमाच्या तुकड्यांची यादी आणि ते कुठल्या सर्व्हरवर मिळतील याचे पत्ते येतात. मग परवाना मागितला जातो. व्हिडिओ कुलूपबंद असतो, त्याची किल्ली टीव्हीतल्या सुरक्षित कप्प्यात उतरावी लागते. त्यानंतर काही काही सेकंदांचे तुकडे यायला लागतात, त्यांचा थोडा साठा होतो, टीव्हीची चिप ते उलगडते आणि पहिलं चित्र दिसतं. यातली एक पायरी जरी अडली तरी बाहेरून एकच दिसतं, ते म्हणजे चकरी.

आता चकरीसोबत टक्क्यांत चढत जाऊन अडकणारा तो नव्याण्णवचा आकडा. सिनेमाचा नव्याण्णव टक्के भाग आला आणि एक टक्का राहिला, असा त्याचा अर्थ लावण्यात काही हशील नाही. इथे उतरवून घ्यायचा असतो तो सुरुवातीचा छोटा साठा, आणि आकडा कसा वाढवायचा हे ॲप लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. शंभर दाखवायचं ते चित्र सुरू झाल्यावरच, म्हणून ज्या गोष्टीची वाट पाहणं चाललंय ती आली नाही की आकडा शेवटच्या पायरीवर थिजतो. माझ्या मते आकड्यापेक्षा तो कसा थांबला हे पाहावं. आकडा हळूहळू, रखडत चढत असेल तर वेग कमी आहे. झरकन चढून एका जागी ठप्प होत असेल, दर वेळी तिथेच, तर वेगाशी त्याचा संबंध बहुधा नाही. कुठलं तरी एक उत्तर येतच नाहीये. या दोन गोष्टींची गल्लत झाली की लोक जास्त वेगाचा प्लॅन घेतात आणि चकरी होती तशीच राहते. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीप्रमाणे फुल एचडीला 5 एमबीपीएस आणि फोर-केला 15 एमबीपीएस पुरतात. शंभरच्या प्लॅनवर ठप्प झालेलं ॲप दोनशेवर हलणार नाही.

अशा वेळी बहुतेक जण टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून दिसेल ते बटण दाबतात. त्याआधी दोन अदलाबदली कराव्यात. पहिली: तेच ॲप, तेच खातं, तोच सिनेमा मोबाईलवर लावायचा, आधी घरच्या वाय-फायवर आणि मग वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर. दुसरी: मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही त्याला जोडायचा आणि सिनेमा लावायचा. एचडी पाहताना तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो, पण इथे दोन मिनिटं पुरतात. मोबाईल सगळीकडे चालला आणि टीव्ही हॉटस्पॉटवरही अडला, तर खोट टीव्हीत. टीव्ही हॉटस्पॉटवर चालला आणि मोबाईल घरच्या वाय-फायवर अडला, तर खोट घराच्या नेटच्या रस्त्यात. काहीच कुठेच चाललं नाही, तर खातं किंवा सेवाच बिघडलेली.

शेवटची शक्यता झटकन संपवू. सेवा खरोखर कोलमडतात, विशेषतः थेट प्रक्षेपणात. 15 नोव्हेंबर 2024 च्या माइक टायसन आणि जेक पॉल यांच्या लढतीला नेटफ्लिक्सवर एका वेळी साडेसहा कोटी प्रवाह चालू होते असं कंपनीनेच सांगितलं, आणि त्या रात्री असंख्य घरांत चित्रापेक्षा चकरीच जास्त दिसली. अशा वेळी टीव्हीला हात लावू नये. थांबणं हाच उपाय.

टीव्हीतली खोट जास्त वेळा सापडते, आणि तिचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे आपला टीव्ही बंदच होत नाही. रिमोटने बंद केलेला स्मार्ट टीव्ही झोपलेला असतो. ॲप मेमरीत जसंच्या तसं राहतं, कालची जोडणी आणि कालची ओळखपत्रं धरून. सकाळी ते तिथूनच उठतं आणि कधीच तुटलेल्या जोडणीवर उत्तराची वाट पाहत बसतं. म्हणून प्लग काढायचा, टीव्हीवरचं पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरायचं, मिनिटभर थांबून प्लग लावायचा. अनेक सॅमसंग टीव्हींत रिमोटचं पॉवरचं बटण टीव्ही पुन्हा सुरू होईपर्यंत दाबून धरलं तरी हेच काम होतं. एलजीत `Quick Start+` चालू असेल तर ते काही दिवस बंद ठेवून पाहावं. हा उपाय हास्यास्पद वाटतो, म्हणून लोक तो केल्याचं सांगतात पण करत नाहीत. रिमोटने बंद-चालू करतात आणि ‘रिस्टार्ट केला’ म्हणतात.

त्याने भागलं नाही तर ॲपने साठवलेलं साफ करायचं. अँड्रॉइड टीव्हीवर सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत आधी `Force stop`, मग `Clear cache`, आणि शेवटी `Clear data`. या शेवटच्याने लॉग-इन जातं, तेव्हा पासवर्ड हाताशी असू द्या. सेटिंगमधूनच मोकळी जागाही पाहून घ्यावी. आठ जीबीच्या टीव्हीत टीव्हीचीच प्रणाली बरीच जागा खाते, आणि जागा संपत आली की ॲपला तात्पुरत्या फाइली लिहिता येत नाहीत. वाईट हे की तसं सांगण्याचं सौजन्य सगळी ॲपं दाखवत नाहीत. नेटफ्लिक्सचा पडदा पुढे सरकतच नसेल तर रिमोटच्या बाणांनी वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, आणि मग चार वेळा वर असं दाबलं की बाहेर पडायचा आणि ॲप पुन्हा भरायचा पर्याय समोर येतो. हा क्रम कंपनीच्याच मदतपानांवर दिलेला आहे.

घड्याळाकडे मात्र कुणी पाहत नाही. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि ती संपली की नाही हे टीव्ही स्वतःच्या तारखेवरून ठरवतो. टीव्हीचं साल चुकलं तर जवळजवळ सगळीच ॲपं रुसतात, त्यामुळे ते लवकर लक्षात येतं. एखादा दिवस किंवा काही तास चुकले तर प्रकार फसवा होतो. महिनोन्‌महिन्यांची मुदत असलेली प्रमाणपत्रं पास होतात, पण थोड्या मुदतीच्या परवान्यावर आणि लॉग-इनच्या चिठ्ठीवर चालणारं एखादंच ॲप अडतं. वेळ हाताने लावलेली असेल तर ती स्वयंचलित करावी आणि विभाग भारताचा आहे ना तेही बघावं.

प्रमाणपत्रांच्या मुदतीचा सगळ्यांत बोलका प्रसंग गूगलच्याच उपकरणाचा आहे. 2015 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टमधल्या ओळखीच्या साखळीत दहा वर्षांच्या मुदतीचं एक प्रमाणपत्र होतं. ते 9 मार्च 2025 ला संपलं आणि जगभरची ती उपकरणं एका दिवसात अविश्वासू ठरली. दुरुस्ती काही दिवसांत गूगलने पाठवली. पण ज्यांनी दरम्यान घाईने फॅक्टरी रिसेट केलं होतं, त्यांचं उपकरण नव्याने जोडूनच घेता येईना. रिसेट करू नका, असं कंपनीला सांगावं लागलं होतं. टीव्ही दुरुस्त करणारे रिसेटचा सल्ला पहिल्यांदा देतात. माझा क्रम उलटा आहे: तो सर्वांत शेवटी, आणि हॉटस्पॉटवरही टीव्ही अडतोय हे सिद्ध झाल्यावरच.

कुलपाचं म्हणजे परवान्याचं दुखणं ओळखायला सोपं असतं. अनेक ॲपांत ट्रेलर किंवा फुकटचे व्हिडिओ चालतात आणि पैशाचा सिनेमा अडतो. यूट्यूबवरचे नेहमीचे व्हिडिओ असल्या कुलपात नसतात, म्हणून तिथे काही कळत नाही. स्टिक किंवा बॉक्स साउंडबारमधून वा रिसीव्हरमधून टीव्हीला जोडला असेल तर तो एकदा थेट टीव्हीला लावून पाहावा. नक्कल रोखण्यासाठी एचडीएमआयच्या दोन्ही टोकांना एकमेकांची ओळख पटावी लागते, आणि फोर-केसाठी मधलं यंत्रसुद्धा त्या नियमातलं लागतं.

सगळ्यात गुंतागुंतीचा, आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा, भाग म्हणजे घराच्या नेटचा रस्ता. ओळखीच्या एका घरातला प्रसंग तपशिलात पाहण्यासारखा आहे. स्थानिक ऑपरेटरचं फायबर, यंत्रणेत काही बदल झाल्यावर नवा राउटर आला, आणि त्या दिवसापासून पैसे भरून पाहायचं एक ॲप नव्याण्णववर अडायला लागलं. यूट्यूब त्याच टीव्हीवर फोर-केमध्ये चालत होतं. ऑपरेटरचा मुलगा येऊन नव्वदच्या वरचा स्पीड दाखवून गेला. अदलाबदल केली तेव्हा मोबाईल डेटावर ॲप चाललं, घरच्या वाय-फायवर मोबाईलवरही अडलं, आणि टीव्ही हॉटस्पॉटवर लगेच सुरू झाला. टीव्ही निर्दोष, खातं निर्दोष. मग लॅपटॉपवर `fast.com` उघडलं. हे संकेतस्थळ नेटफ्लिक्सने 2016 मध्ये काढलं आणि ते वेग मोजतं ते त्याच कंपनीच्या व्हिडिओ सर्व्हरपासून. इथे वेग मोजायला सुरुवातच झाली नाही, आणि दुसरी स्पीड टेस्ट मात्र त्याच मिनिटाला नव्वद दाखवत होती. वेग कमी असता तर कमी आकडा दिसला असता. आकडाच नाही, म्हणजे काहीतरी पार होतच नव्हतं.

संशय होता तो पाकिटाच्या आकारावर. इंटरनेटवरची माहिती पाकिटांत जाते आणि घरातल्या जाळ्यात एका पाकिटाची कमाल मर्यादा 1500 बाइट असते. आपल्याकडचे अनेक ऑपरेटर युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी देतात, पीपीपीओईने. त्या पद्धतीत 8 बाइट तिच्या स्वतःच्या वेष्टनात जातात आणि 1492 उरतात. ऑपरेटरने आत आणखी एखादं वेष्टन चढवलं असेल तर मर्यादा त्याहून खाली येते. रस्त्यात कमी उंचीचा पूल असावा तसं हे आहे: स्कूटर खालून निघून जातात, उंच ट्रक अडतो. नियमाप्रमाणे अडवणाऱ्या यंत्राने पाठवणाऱ्याला ‘पाकीट मोठं आहे, लहान पाठव’ असा निरोप द्यायचा असतो. पण कित्येक ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली हे निरोपच गाळले जातात. मग सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, ते दर वेळी हरवतं, आणि टीव्ही वाट पाहतो.

यावरून बाकीची ॲपं का चालतात तेही उलगडतं. ॲपची मागणी छोटी असते, ती जाते. उत्तरात सर्व्हरचं प्रमाणपत्र आणि मग व्हिडिओ येतो, आणि ती पाकिटं काठोकाठ भरलेली असतात. काही सर्व्हर आधीच थोडी लहान पाकिटं पाठवतात किंवा हरवतंय असं दिसलं की स्वतःहून आकार कमी करतात, त्यांचं चालतं. यूट्यूब बऱ्याचदा क्विक नावाच्या नव्या पद्धतीने येतं आणि तिची पाकिटं या मर्यादेपेक्षा बरीच लहान असतात, त्यामुळे पूल त्याला जाणवतच नाही. म्हणून यूट्यूब चालणं हा नेट नीट असल्याचा पुरावा म्हणून फारच दुबळा आहे.

विंडोजच्या लॅपटॉपवर हे तपासता येतं:

```
ping -f -l 1472 1.1.1.1
ping -f -l 1464 1.1.1.1
ping -f -l 1452 1.1.1.1
```

इथे `-f` म्हणजे पाकिटाचे तुकडे करू नका, आणि पुढच्या आकड्यात 28 मिळवले की पाकिटाचा खरा आकार मिळतो. 1472 ला त्या घरात `Packet needs to be fragmented but DF set.` असं उत्तर आलं. हे अपेक्षितच होतं, कारण राउटर 1492 वर लावलेला होता आणि त्याने प्रामाणिकपणे निरोप दिला. 1464 म्हणजे बरोबर 1492. हे पार व्हायला हवं होतं. तिथे नुसतं `Request timed out.` आलं, निरोप नाही, काही नाही. 1452 ला, म्हणजे 1480 ला, उत्तरं व्यवस्थित यायला लागली. 1492 आणि 1480 यांतला हा बारा बाइटांचा फरक राउटरच्या पलीकडे, ऑपरेटरच्या हद्दीत होता.

राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन किंवा पीपीपीओईच्या पानावर `MTU` असा रकाना असतो. तिथे 1492 च्या जागी 1480 लिहून राउटर पुन्हा सुरू केला. अशाने राउटर घरातून जाणाऱ्या प्रत्येक नव्या जोडणीत समोरच्याला कळवतो की यापेक्षा मोठं पाठवू नको, आणि पुलाशी गाठच पडत नाही. ॲप सुरू झालं. सगळेच राउटर हे कळवण्याचं काम नीट करत नाहीत. तसं असेल तर ऑपरेटरलाच त्याच्या बाजूने दुरुस्ती करायला लावावी लागते. तक्रार करताना ‘ॲप चालत नाही’ म्हणू नये. ‘1464 चा पिंग निरोपाशिवाय हरवतो, 1452 चा येतो’ असं सांगितलं की फोन योग्य माणसाकडे जाण्याची शक्यता तरी वाढते.

हाच दोष आयपीव्ही6 मध्ये अधिक चिवट असतो, कारण तिथे वाटेतल्या राउटरला पाकीट तोडण्याची मुभाच नाही. सगळं त्या निरोपावर अवलंबून. शिवाय टीव्हीला आयपीव्ही6 चा पत्ता मिळालेला असतो पण पुढचा रस्ता तुटका असतो, असंही होतं. नीट लिहिलेलं ॲप पाव सेकंदात जुन्या पद्धतीच्या रस्त्यावर वळतं, कच्चं ॲप तिथेच चकरी फिरवत बसतं. राउटरमध्ये आयपीव्ही6 तात्पुरतं बंद करून फरक पडतो का पाहावं. फरक पडला तर ऑपरेटरला सांगायला नेमकी गोष्ट मिळते.

रस्त्यातली आणखी एक गोष्ट आपण स्वतः बिघडवलेली असते: डीएनएस. जाहिराती अडवणारं डीएनएस राउटरवर लावलं की ज्या ॲपात सिनेमाआधी जाहिरात येते ते ॲप त्या जाहिरातीची वाट पाहत अडू शकतं. नेट वेगवान करण्यासाठी म्हणून लावलेलं सार्वजनिक डीएनएससुद्धा कधी नडतं. काही व्हिडिओ सेवा डीएनएसची विचारणा कुठून आली यावरून जवळचा सर्व्हर ठरवतात. विचारणा दूरच्या शहरातून आली असं दिसलं तर दूरचा सर्व्हर गळ्यात पडतो. तपासताना ऑपरेटरचं मूळ डीएनएस लावून पाहणं दोन मिनिटांचं काम आहे.

हे सगळं करूनही टीव्ही हॉटस्पॉटवर अडतच असेल, आणि त्याला काही वर्षांत नवं सॉफ्टवेअर आलेलं नसेल, तर त्याची सद्दी संपली असं धरावं. 1 डिसेंबर 2019 पासून नेटफ्लिक्सने सॅमसंगचे 2010 आणि 2011 चे काही टीव्ही सोडून दिले, कारण त्यांच्यातली कुलपाची पद्धत जुनी होती आणि ती बदलायची सोय नव्हती. पडदा उत्तम होता, आवाज उत्तम होता. अशा टीव्हीला एचडीएमआयमध्ये एक स्टिक लावली की त्याच्या आतल्या जुन्या ॲपची गरजच उरत नाही.